आपल्यातल्या 23 जणांची नोकरी जाते आहे

मंगळवार, 9 जून 2026
महापे, नवी मुंबई

मित्रहो,

आपण आज 68 जण आहोत. त्यातल्या 23 जणांची नोकरी जाते आहे. कारण त्यांचं काम कमी पडलं हे नाही. मी घेतलेले निर्णय चुकले, आणि त्यामुळे सगळ्यांचे पगार देण्याइतके पैसे आता कंपनीकडे येत नाहीत.

या 23 जणांशी मी काल दिवसभर आणि आज सकाळी स्वतः बोललो. दोघे गावी होते, एक कणकवलीला आणि एक साताऱ्याजवळ. त्यांना फोन केला. तेव्हा हे पत्र वाचेपर्यंत तुम्हाला माझं बोलावणं आलं नसेल, तर तुमची नोकरी आहे. पुढचं वाचण्याआधी तेवढा श्वास सोडा. यादी मी कुठेही लावणार नाही आणि ग्रुपवर टाकणार नाही. कोणाला कधी सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

काय झालं ते आकड्यांत सांगतो, म्हणजे चहाच्या टपरीवर अंदाज बांधत बसावं लागणार नाही. मे महिन्यापर्यंत आपल्याकडे महिन्याला 61 लाख यायचे. त्यातले 28 लाख एकाच ग्राहकाचे होते. त्यांनी मार्चमध्ये कळवलं की कंटेनरचं ट्रॅकिंग आणि गेटची कागदपत्रं ते आता स्वतःच्या सॉफ्टवेअरवर नेणार. 31 मेला करार संपला. जूनपासून आपल्याकडे 33 लाख येणार आणि खर्च आहे 58 लाख, त्यात पगारच 41 लाखांचे. आज बँकेत 1 कोटी 12 लाख आहेत. काहीच केलं नाही तर ऑक्टोबरच्या मध्यावर खातं रिकामं होतं.

ग्राहक जाणं हे धंद्यात होतंच. पण एक ग्राहक गेला म्हणून 23 घरांवर वेळ यावी, हे माझ्यामुळे झालं. जवळजवळ निम्मी मिळकत एकाच ठिकाणाहून येत होती. अकाउंट्सच्या ताईंनी मला हे दोनदा सांगितलं होतं, दिवाळीनंतर तर कागदावर लिहून दिलं होतं. मी म्हणालो, "मुंद्रा सुरू झालं की आपोआप बॅलन्स होईल." आणि मुंद्र्याचा एकही करार हातात नसताना माणसं घेतली, वरचा दुसरा मजला भाड्यानं घेतला. त्या मजल्यावर आजही 14 खुर्च्या आहेत, त्यांचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी तिथे एकटाच जाऊन बसलो होतो. आपण नक्की कोणासाठी घेतल्या होत्या या, याचं उत्तर मला देता आलं नाही.

मार्चपासून मी गप्प बसलो नव्हतो, पण तुम्हाला सांगितलंही नाही, आणि ती दुसरी चूक. दोन मोठ्या ट्रान्सपोर्टरांशी बोलणी झाली, ती पुढच्या वर्षावर गेली. पैसे गुंतवायला कोणी तयार नाही. बँकेची ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवून पगार करता आले असते. पण कर्ज काढून पगार करायचे आणि फेडायला मिळकत नाही, म्हणजे हेच पत्र चार महिन्यांनी, फक्त रिकाम्या खिशानं लिहायचं. सगळ्यांचे पगार 30 टक्क्यांनी कापावेत असंही एक मत होतं. त्यातून 12 लाख वाचतात, खड्डा 25 लाखांचा आहे. शिवाय घणसोलीत भाडं भरून 28 हजारांत घर चालवणाऱ्याला 30 टक्के कमी घे म्हणून सांगायला माझी जीभ रेटली नाही.

आणि हे आत्ताच का, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर का, असं काल एकीनं मला विचारलं. खरं आहे, वेळ वाईट आहे. पण ऑगस्टअखेर थांबलो असतो तर जाणाऱ्यांना देण्यापुरतेही पैसे उरले नसते आणि राहणाऱ्यांचा सप्टेंबरचा पगार निघाला नसता. नोटीस, भरपाई, ग्रॅच्युइटी धरून साधारण 50 लाख लागतात. ते आज आहेत.

कोणाचं काम बंद होतंय हेही उघड सांगतो. त्या ग्राहकासाठी बसवलेली 11 जणांची टीम पूर्ण. मुंद्र्यासाठी घेतलेले सेल्सचे 4. भरतीचं काम बघणारे 3, कारण भरतीच होणार नाही. टेस्टिंगमध्ये 9 होते, तिथे आता 4 जणांपुरतंच काम आहे. त्या पाच जणांसाठी 'शेवटी आला तो आधी' एवढाच नियम लावला, कोणाचं रेटिंग काढून बघितलं नाही. प्रसूती रजेवर असलेल्या सहकारी या विचारातच नव्हत्या. कायद्यानं तसं करता येत नाही, आणि येत असतं तरी केलं नसतं. अनुभवपत्रात स्पष्ट लिहिलं जाईल की कंपनीनं पद बंद केलं. पुढच्या मुलाखतीत "का सोडलं?" विचारलं तर अडखळायचं कारण नाही. त्यांना माझा नंबर द्या, मी तेच सांगेन.

आता जाणाऱ्यांना काय मिळणार.

शुक्रवार, 10 जुलैपर्यंत तुम्ही कंपनीत आहात आणि पूर्ण पगार मिळेल. ऑफिसला यायलाच हवं असं नाही. मुलाखतींना जा, घरी बसा, काही दिवस काही करू नका. लॅपटॉप आणि ईमेल त्या दिवसापर्यंत चालू राहील. रात्रीतून पासवर्ड बंद करण्याचा प्रकार आपल्याकडे होणार नाही.

त्यावर भरपाई. कायद्याचं माप आहे दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन. कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' कोण बसतो आणि कोण नाही, या वादात आपण पडणार नाही. सगळ्या 23 जणांना ते माप लागू. आणि ती रक्कम दोन महिन्यांच्या पगारापेक्षा कमी भरत असेल, तर दोन महिन्यांचा पगार. आठ महिन्यांपूर्वी आलेल्यालाही दोन महिने मिळतील. शिल्लक रजेचे पैसे वेगळे. हे सगळं शेवटच्या दिवसानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत, म्हणजे मंगळवार, 14 जुलैपर्यंत खात्यात जमा होईल.

पाच वर्षं पूर्ण झालेल्यांची ग्रॅच्युइटी नेहमीच्या हिशेबानं, शेवटचं वेतन आणि महिन्याचे 26 दिवस धरून, दर वर्षाला 15 दिवसांचं वेतन. ती 30 दिवसांच्या आत. दोघांना पाच वर्षं व्हायला काही महिने कमी पडतात. त्यांना पूर्ण पाच धरून देतोय. ज्या चौघांनी उचल घेतली होती, ती माफ. त्यातल्या एकानं काल मला "सर, हप्त्यानं फेडीन" म्हटलं. नको. तो विषय संपला.

विम्याचं नीट वाचा, इथे माणसं फसतात. आपली ग्रुप पॉलिसी तुम्ही कंपनीत आहात तोवरच चालते. 10 जुलैच्या आधी त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्यासाठी अर्ज करा, म्हणजे आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जेवढा झाला तेवढा धरला जातो, शून्यापासून सुरू होत नाही. पहिल्या वर्षाच्या हप्त्यातले 15 हजारांपर्यंत कंपनी भरेल. घरात कोणाची शुगर, बीपी, डायलिसिस असं काही चालू असेल तर आजच अकाउंट्सच्या ताईंकडे जा, त्या अर्ज बसून भरून देतील.

पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख आम्ही जुलैतच टाकू. ती राहिली की पुढे उगाच खेटे घालावे लागतात. घाईनं पीएफ काढू नका, नव्या ठिकाणी ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो.

मी आपल्या ओळखीच्या ट्रान्सपोर्ट, सीएफएस आणि सॉफ्टवेअरवाल्या 40 लोकांची यादी केली आहे. ज्याची हरकत नाही त्याचा बायोडाटा मी स्वतः फोन करून पाठवणार आहे, नुसता फॉरवर्ड नाही. नोकरी लागेलच असा शब्द देत नाही. आणि वर्षभरात इथे पुन्हा जागा निघाली तर बाहेर जाहिरात देण्याआधी तुम्हाला विचारलं जाईल.

राहणाऱ्या 45 जणांसाठी. दुसरा मजला सोडतोय. माझा पगार एप्रिलपासून बंद आहे, बाकीच्या दोन संचालकांचा निम्मा. तुमच्या पगाराला हात लावलेला नाही, पण यंदा वाढ नाही. एवढं करूनही महिन्याला साधारण 5 लाखांची तूट राहते आणि उरलेल्या पैशांत आपण वर्षभर तरतो. "आता पुन्हा कपात होणार नाही" असं मी लिहिणार नाही, कारण ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढं आहे की दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेतला आकडा मी तुम्हा सगळ्यांना सांगेन. मार्चमध्ये हे केलं असतं तर तुम्हाला तीन महिने आधी कळलं असतं.

23 जणांचं काम 45 जणांनी ओढायचं, असंही होणार नाही. मुंद्रा बंद. ड्रायव्हरच्या ॲपचं नवं रूप बंद. फॉर्म 13, गेटची वेळ आणि गाडी कुठे उभी आहे, एवढंच आपण करायचं, आणि ते नीट करायचं.

सुरुवातीच्या पावसाळ्यात आम्ही तिघे करळ फाट्यावर छत्री धरून ड्रायव्हर लोकांना मोबाइलवर ॲप दाखवायचो. कंटेनरच्या रांगेत चार-चार तास. त्या तिघांतला एक कालच्या यादीत आहे. त्याला सांगताना मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. त्यानं मला पाणी आणून दिलं, हे आठवतं.

जाणाऱ्यांशी बोला. काय बोलावं सुचत नाही म्हणून टाळू नका, जेवायला नेहमीसारखे एकत्र बसा. कोणी चिडलं तर चिडू द्या. राग माझ्यावर आहे आणि तो माझ्याकडेच येऊ दे.

आज चार वाजता पहिल्या मजल्यावर बसू. ज्याला यायचं नाही त्यानं येऊ नये. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर आज आणि उद्या रात्री नऊपर्यंत मी केबिनमध्ये आहे, दार उघडं आहे. शेवटची ठाणे लोकल चुकली तर गाडीनं सोडेन.

मंदार