कार्यभार हस्तांतरण टिपण : पणजी कार्यालयातील सर्व्हर

सर्व्हरवर `sudo` चा अधिकार केवळ आपल्या व माझ्या खात्याला आहे. माझे खाते बंद करण्यापूर्वी रात्रीच्या बॅकअपचे `cron` काम `backup` खात्याकडे वळवावे; तसेच `passwd -l` ने फक्त पासवर्ड बंद होतो, एसएसएच किल्ली चालूच राहते, म्हणून `authorized_keys` मधील माझी ओळही आठवणीने काढावी.

राउटर, डेटाबेस आणि वायफाय यांचे सामायिक पासवर्ड तिजोरीतील मोहोरबंद पाकिटात आहेत. ते मला ठाऊक असल्यामुळे मी कार्यमुक्त होताच सर्व बदलणे अत्यावश्यक आहे.

म्हापसा शाखेतील नव्या लिपिकांचा अर्ज व्यवस्थापकांच्या सहीसाठी थांबला आहे. बाहेरील लेखापरीक्षकांनी प्रशासक अधिकार मागितले आहेत, परंतु माझ्या मते त्यांना मुदतबद्ध वाचनाधिकार पुरेसा आहे.