‘ओसरीवरच्या गोष्टी’ : मालिकेची ओळ आणि ती जिथे जिथे छापायची तो सगळा मजकूर

तू म्हण ‘हं’,
गोष्ट जाते पुढं

मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या चार लोककथांच्या या मालिकेची ओळ ही. चारही पुस्तकांवर, फलकांवर, बुकमार्कवर, सूचीत आणि संकेतस्थळावर हीच राहील, शब्द न बदलता.

गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचा हुंकार लागतो. आजी दोन वाक्यं सांगून थांबते, अंधारातून ‘हं’ आला की पुढचं सांगते, नाही आला तर पोर झोपलं असं समजते. लोककथा कागदावर उतरली की हा हुंकार गळून पडतो. मग गोष्ट एका दमात वाचून संपते आणि मूल नुसतं चित्रं बघत बसतं. या मालिकेत हुंकार पुस्तकातच छापला आहे. त्यामुळे ही ओळ केवळ जाहिरातीची नाही, पुस्तक वाचायचं कसं हेही तीच सांगते.

ओळीचं लेखन असंच ठेवायचं:

‘पुढं’ला ‘पुढे’ करू नये. मुद्रितशोधनात ही दुरुस्ती हमखास होते, कारण आतल्या पानांवर निवेदनात ‘पुढे’च आहे. पण ओळीत ‘हं’ला ‘पुढं’ जुळतं. ‘पुढे’ केलं की यमक जातं आणि ओळ सूचनाफलकासारखी वाचली जाते.

‘हं’चं ‘हां’ नको. ‘हां’ म्हणजे कबुली, ‘हं’ म्हणजे ऐकतोय, सांग. ‘हम्म’ तर नकोच. तो विचारात पडलेल्या मोठ्या माणसाचा आवाज आहे.

‘हं’भोवती एकेरी अवतरणचिन्हं हवीत. ती गाळली तर नुकतंच वाचायला शिकलेलं मूल ‘म्हणहं’ असं एका शब्दात वाचतं. स्वल्पविराम अवतरणाच्या बाहेर. शेवटी पूर्णविराम नाही, उद्गारचिन्ह नाही, तीन टिंबंही नाहीत. गोष्ट अजून चालू आहे.

ओळ तोडायची झाली तर फक्त स्वल्पविरामानंतर. ‘गोष्ट’ वरच्या ओळीत एकटी लोंबकळू देऊ नये.

‘तू’चं ‘तुम्ही’ पालकांसाठीच्या पत्रकातही करायचं नाही. ओळ मुलाशी बोलते. पालकांशी बोलणारा मजकूर वेगळा आहे आणि त्यात ‘तुम्ही’ आहे.

मुखपृष्ठ

वर मालिकेचं नाव, मधे पुस्तकाचं नाव, खाली ओळ. प्रत्येक पुस्तकाला आणखी एक छोटी जोडओळ आहे, ती पुस्तकाच्या नावाखाली येईल:

*चिऊताई, दार उघड*
बाळाची अंघोळ झाली, तीट लावून झाली. काऊ अजून दारातच.

*चल रे भोपळ्या*
जाताना हाडं, येताना भोपळा.

*उंदराची टोपी*
एवढासा उंदीर, गोंड्याची टोपी, आणि राजाला सुटलेला मोह.

*खुलभर दूध*
गावभरचं दूध ओतलं, गाभारा भरेना.

‘चल रे भोपळ्या’ची जोडओळ सगळ्यात आखूड आहे ती मुद्दाम. म्हातारी लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, लठ्ठ होऊन येते, ही सगळी गोष्ट चार शब्दांत मावते आणि वाघाचं नावही घ्यावं लागत नाही. वाघ चित्रात आहेच. ‘खुलभर दूध’ची ओळ अर्ध्यावर सोडली आहे. म्हातारी कशी आली, तिनं आधी पोराबाळांना आणि वासरांना पाजून उरलेलं दूध कसं आणलं, हे मुखपृष्ठावर सांगितलं तर आत वाचायला काय राहिलं?

मलपृष्ठ (चारही पुस्तकांवर एकच मजकूर)

> काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. हे वाक्य ऐकलं की पुढचं तुम्हाला पाठ आहे. आता ते कुणाला तरी सांगायची वेळ आली आहे.
>
> ‘ओसरीवरच्या गोष्टी’ या मालिकेत चार लोककथा नव्यानं सांगितल्या आहेत, मोठ्यानं वाचण्यासाठी. वाक्यं आखूड आहेत. ‘टुणुक टुणुक’, ‘ढुम ढुम ढुमाक’ जिथल्या तिथे आहे. उजव्या पानावर लाल गोलात ‘हं’ दिसला की थांबा आणि मुलाकडे बघा. त्यानं ‘हं’ म्हटलं की पान उलटा.
>
> तू म्हण ‘हं’,
> गोष्ट जाते पुढं
>
> वय ३ ते ८ • २४ पानं • संपूर्ण रंगीत • किंमत १२० रुपये • चार पुस्तकांचा संच ४४० रुपये

या मजकुरात तीन शब्द जाणूनबुजून टाळले आहेत. सूची, पत्रकं आणि दुकानदारांना पाठवायचे निरोप लिहिणाऱ्यांनीही ते टाळावेत. पहिला ‘मूळ’. तोंडी कथेला एक मूळ नसतं. भोपळ्यातल्या म्हातारीला एका घरी वाघ आणि कोल्हा भेटतात, दुसऱ्या घरी अस्वलही भेटतं, आणि दोन्ही घरं बरोबर असतात. दुसरा ‘हरवलेल्या’. या कथा हरवलेल्या नाहीत, पुस्तक विकत घेणाऱ्याच्याच तोंडात आहेत. तिसरा ‘संस्कारक्षम’. उंदीर राजाला ‘भिकारी’ म्हणतो आणि टोपी परत मिळाल्यावर ‘राजा मला भ्याला’ म्हणून नगारा वाजवतो. यात मुलांना जो आनंद मिळतो तो संस्काराच्या वेष्टनात बांधला की विटतो.

पान २, मोठ्यांसाठी

> या पुस्तकात ‘हं’ नऊ वेळा येतो. दर वेळी खरोखर थांबा. मूल काही म्हणालं नाही तर ‘झोपलास का?’, ‘झोपलीस का?’ असं हळूच विचारा. मूल ‘मग?’ म्हणालं, ‘वाघ कुठंय?’ म्हणालं, तरी तो हुंकारच.
>
> तुमच्या घरी ही गोष्ट वेगळी सांगत असतील तर तशीच सांगा. चित्रं आड येणार नाहीत.

नऊच का, ते मांडणी करणाऱ्यांसाठी: पुस्तक २४ पानांचं, मधे पिना मारलेलं. पान १ आणि २४ एकेकटी, पान २-३ वर ही सूचना आणि शीर्षक. गोष्ट ४ ते २३, म्हणजे समोरासमोरच्या दहा जोड्या. दहाव्या जोडीवर गोष्ट संपते, तिथे ‘हं’ नाही. तिथे तो छापला गेला तर मूल पान उलटतं आणि त्याला पुढे गोष्ट सापडत नाही. लाल गोल उजव्या पानाच्या अगदी कोपऱ्यात ठेवू नये. पुस्तक धरणाऱ्याचा अंगठा तिथेच येतो आणि ‘हं’ झाकला जातो. तो खालच्या कडेपासून ३ सेंटिमीटर वर घ्यावा.

छपाईसाठी

ओळीचा सगळा जीव दोन टिंबांत आहे: ‘हं’वरचं आणि ‘पुढं’वरचं. ती बुजली की ‘ह’ आणि ‘पुढ’ उरतं. गडद रंगावर पांढरी अक्षरं काढली की शाई चारही बाजूंनी आत पसरते आणि बारीक टिंब सगळ्यात आधी भरून येतं. साध्या, शाई शोषणाऱ्या कागदावर हे जास्त होतं. म्हणून पांढऱ्या अक्षरात ओळ १६ पॉइंटच्या खाली नको, आणि अक्षर जाड वळणाचं घ्यावं. पांढऱ्यावर काळं असेल तर ११ पॉइंटपर्यंत चालेल. काळं म्हणजे फक्त काळी शाई. चार रंग मिसळून काळं केलं आणि एखादा रंग केसभर सरकला तर टिंबाशेजारी रंगीत सावली दिसते.

अक्षरांमध्ये अंतर वाढवू नये. रोमन अक्षरं अशी फाकवली तर खपतात, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि ‘गोष्ट’ तुकड्यातुकड्यांत दिसते. जागा भरायची असेल तर अक्षर मोठं करा.

मुखपृष्ठावर ओळ कापाच्या रेघेपासून किमान ८ मिलिमीटर आत ठेवावी, चित्र मात्र ३ मिलिमीटर बाहेर जाऊ द्यावं. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट. त्याहून कमी घेतलं तर वरच्या ‘तू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या मात्रेला टेकतो. कण्याचा प्रश्नच नाही: पिनांच्या पुस्तकाला कणा नसतो, तेव्हा ओळ तिथे मागू नये. संचाच्या खोक्याच्या उभ्या बाजूवर ती येईल, वरून खाली वाचता येईल अशी.

पीडीएफ पाठवण्याआधी ओळीतल्या अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करावं. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर छापखान्याच्या संगणकावर उघडला की ‘ष्ट’ सुटा होऊन ‘ष्‌ट’ दिसतो. ही चूक पडद्यावर एकदा नजरेतून निसटली की हजारो प्रतींवर उतरते.

संकेतस्थळासाठी ओळ चित्र म्हणून टाकू नये, मजकूर म्हणून टाकावी, म्हणजे शोधताही येते आणि मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेलाही कळते. भाषा मराठी अशी नोंदवली आणि फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ही मराठी वळणाचे येतात:

```
<p lang="mr">तू म्हण ‘हं’,<br>गोष्ट जाते पुढं</p>
```

बुकमार्क

पुढच्या बाजूला फक्त ‘हं’, मोठ्या अक्षरात, लाल गोलात. मागे पूर्ण ओळ आणि चार पुस्तकांची नावं. ‘हं’चा बुकमार्क पानात ठेवला की आज गोष्ट कुठे थांबली ते मुलाला स्वतःला शोधता येतं.

दुकानातला फलक

> आजी दोन वाक्यं सांगून का थांबायची?
> तू म्हण ‘हं’, गोष्ट जाते पुढं
> ओसरीवरच्या गोष्टी. चार पुस्तकं, मोठ्यानं वाचायची.

फलक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावावा, गल्ल्याच्या मागे नको. फलकाखाली एक प्रत उघडी ठेवावी, ‘उंदराची टोपी’ची असेल तर उत्तम. ‘ढुम ढुम ढुमाक’ मुलं दुकानातच म्हणायला लागतात.

परदेशातल्या मराठी शाळांच्या सूचीसाठी

> घरात मराठी कळते, वाचता येत नाही, अशा मुलांसाठीही ही पुस्तकं आहेत. वाचणारे तुम्ही. मुलाच्या वाट्याला एकच अक्षर आहे आणि ते त्याला पहिल्या दिवशी येतं: ‘हं’.

इथे रोमन लिपीत ओळ देऊ नये. एका अक्षराची ओळख लिपीतच व्हायला हवी, आणि ‘हं’पासून सुरुवात करणं सोपं आहे.

आकाशवाणी आणि ध्वनिफितीसाठी

> बाई: आटपाट नगर होतं…
> (दोन सेकंद शांतता)
> बाई: झोपलास का रे?
> मूल: हं.
> बाई: हं काय? झोपलास, की सांगू?
> मूल: सांग ना!
> बाई: तू म्हण ‘हं’, गोष्ट जाते पुढं
> मूल: हं!

दोन सेकंदांची शांतता संकलनात कापू नये. ती कापली तर ‘झोपलास का रे?’ला अर्थ राहत नाही. मूल पाच-सहा वर्षांचं घ्यावं आणि त्याला पहिला ‘हं’ झोपाळू, शेवटचा टक्क जागा, एवढंच सांगावं. पाठ करून घेऊ नये.