क्लिनिकमधून जाणारे मेसेज

काकूंना, गुडघा बदलून 12 दिवस झालेत, पहिल्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी

काकू नमस्कार, फिजिओ क्लिनिकमधून मेसेज करतेय. उद्या मंगळवारी सकाळी 11 वाजता तुम्ही येताय ना? ऑपरेशनची फाईल, एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी तेवढी घेऊन या. कपडे सैल, गुडघ्याच्या वर सहज सरकतील असे. वॉकर घेऊनच या हं, घरी ठेवून कुणाचा तरी हात धरून येऊ नका. दारात 3 पायऱ्या आहेत, खाली पोचलात की फक्त मिस्ड कॉल द्या, मी येते. आणि पहिल्याच दिवशी पाय धरून दाबतात, जोर लावून वाकवतात असलं काय काय ऐकलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका, उद्या आधी बघू, मग बोलू, मग जमेल तेवढंच.

काकूंना, पहिल्या भेटीच्या दिवशी रात्री 8 वाजता

काकू, घरी जाऊन पडलात का जरा? आज गुडघा 70 अंशांपर्यंत वाकला, तुम्हाला कमी वाटला असेल पण तुम्ही श्वास रोखून नाही तर बोलत बोलत वाकवलात, मला तेच हवं होतं. रात्री थोडं ठणकेल. बर्फ कोरड्या कपड्यात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं ठेवा, टाक्यांना पाणी लागू देऊ नका. उशी घोट्याखाली, गुडघ्याखाली नाही. गुडघ्याखाली घेतली की बरं वाटतं हे मला माहितीय, सगळेच घेतात, पण मग तो वाकलेलाच राहायला शिकतो आणि सरळ करताना तुमचेच हाल होतात.

एक मात्र नीट वाचा आणि घरच्यांनाही दाखवा. पोटरी खूप दुखायला लागली, लाल किंवा गरम झाली, पायाची सूज अचानक वाढली, टाक्यांतून पाणी यायला लागलं किंवा ताप आला तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, लगेच सर्जनना फोन करा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर कुणालाच फोन करत बसू नका, तडक इमर्जन्सीत.

काकूंना, तिसरी भेट रद्द केल्यावर

अहो काकू, सॉरी कशाला म्हणताय, झोप झाली नाही तर माणूस कसा येणार. आजचं राहू दे. गुरुवारी 11 ची वेळ तुमच्यासाठी ठेवलीय, नकोशी वाटली तर बुधवारी रात्रीपर्यंत सांगा. आज फक्त दोनच गोष्टी करा, पावलं वरखाली हलवायची आणि मांडी आवळून गुडघा गादीवर दाबायचा, 5 मोजायचं, सोडायचं. झोपूनच होतं. बाकी चार व्यायाम आज विसरलात तरी चालेल. रात्रीची झोप दुखण्यामुळेच जात असेल तर गोळीची वेळ बदलायची का हे सर्जनना विचारा, ते माझं काम नाही पण विचारायला लाजू नका.

दादांना, फ्रोझन शोल्डर, दुसऱ्यांदा आले नाहीत तेव्हा

दादा, काल 7 वाजता तुमची वाट बघितली. रागवायला मेसेज नाही करत. गेल्या सोमवारी जाताना तुमचा चेहरा बघितला होता आणि तेव्हाच विचारायला हवं होतं, खूप दुखलं का? तसं असेल तर मी जास्त ताणलं, चूक माझी. फ्रोझन शोल्डर घाई केली की जास्तच चिडतो, कधी कधी सुटायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं पण तेव्हा तुम्ही वेदनेत होतात, किती ऐकू गेलं असेल कोण जाणे. परत यायचं असेल तर या वेळी तुम्ही थांब म्हणालात की मी थांबणार. तोपर्यंत पुढे वाकून, दुसरा हात टेबलावर टेकवून दुखरा हात लंबकासारखा नुसता झुलवा, दिवसातून 2-3 वेळा, मिनिटभर. यायचंच नसेल तर तेही कळवा, वाईट वाटणार नाही, नाहीतर मी उगाच काळजी करत बसते.

फुटबॉलवाल्याला, घोटा मुरगळलेला, मॅचच्या चार दिवस आधी

काय रे, उद्या 5:30 ला येतोयस ना? बूट घेऊन ये, रोजचे नाही, खेळायचे. दुखत नाही म्हणजे बरा झाला असं नसतं, हे तू गेल्या वर्षी पण शिकला होतास 🙂 आज रात्री भिंतीजवळ त्या पायावर उभा राहा, डोळे मिट, 30 सेकंद मोज. मग दुसऱ्या पायावर. दोन्हीत किती फरक पडतो ते उद्या खरं खरं सांग. शनिवारचं उद्या ठरवू, आत्ताच कोचला हो म्हणून बसू नकोस.

पाठदुखीवाल्या काकांना, भेटीच्या दिवशी सकाळी

काका, आज 4 ऐवजी 4:20 ला याल का? आधीच्या पेशंटला जरा जास्त वेळ लागणार आहे आणि ताटकळत खुर्चीत बसलात तर तुमचीच पाठ धरेल. बसवलं नाही तर इथे उभं राहा, फिरा, कुणी काही म्हणत नाही. आणि मधल्या काळात लघवीला त्रास, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा पायातली ताकद गेल्यासारखं काही झालं तर 4:20 ची वाट न बघता लगेच हॉस्पिटल, मला वाटेतून कळवा.

ताईला, वडिलांना पॅरालिसिस, घरच्या व्हिजिटनंतर

ताई, बाबा आज खुर्चीतून 5 वेळा उठले, चौथ्यांदा तर तुझा हात न धरता. बघितलंस ना? त्यांना उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, काखेत हात घालूनही नाही, तो खांदा सैल झालाय, लगेच दुखावतो. कमरेच्या पट्ट्याला धरा, सांगितलं तसं. आता तुझं. आज तू तीनदा कंबर धरलीस, मी मोजत होते. शुक्रवारी 10 वाजता येईन तेव्हा शेवटची 10 मिनिटं तुझ्यासाठी, कसं वाकायचं ते दाखवते, त्याचे वेगळे पैसे वगैरे काही नाही, विचारूही नकोस.

एका घरी, आजी गेल्यानंतर

काल आजींच्या नावाने अपॉइंटमेंटची आठवण गेली. आमच्या यादीतून नाव काढायचं राहून गेलं होतं. तो मेसेज वाचून तुम्हाला काय वाटलं असेल, मनापासून माफ करा. पुन्हा जाणार नाही. वॉकर परत करायची घाई नाही, आम्हीच कधीतरी येऊन घेऊन जाऊ, तुम्ही सांगाल तेव्हा. आजी व्यायाम मोजताना सातवरून एकदम दहावर जायच्या आणि वर माझ्याकडे बघून हसायच्या. आम्हाला सगळ्यांना त्यांची आठवण येते.

काकूंना, शेवटच्या भेटीनंतर 6 आठवड्यांनी

काकू, कशा आहात? बोलवायला मेसेज नाही केला, सहज आठवण आली. जिना चढताना अजून एकेक पायरी करत जाता की पाय आळीपाळीने टाकता? दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी थोडी सूज येत असेल तर घाबरू नका, काही महिने येते, सकाळी उतरलेली असली की झालं. वाढतच चालली तर मात्र दाखवून जा. उत्तर टाईप करायचा कंटाळा आला तर व्हॉइस मेसेज पाठवा, मागे नातवाचा आरडाओरडा असला तरी चालेल.