एप्रिल–जून तिमाहीचा इन्सेंटिव्ह: 31 जुलैऐवजी 21 ऑगस्टला

प्रति: जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व फील्ड ऑफिसर व टेरिटरी मॅनेजर
दिनांक: 28 जुलै 2025

सहकारी बंधू-भगिनींनो,

खरीप तिमाहीचा इन्सेंटिव्ह 31 जुलैच्या पगारासोबत जमा होणार होता. तो त्या दिवशी होणार नाही. गुरुवार, 21 ऑगस्ट रोजी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात येईल. जुलैचा पगार आणि टीए-डीए मात्र ठरल्याप्रमाणे 31 तारखेलाच होईल.

उशिराचं कारण कपाशी बियाण्याच्या परत मालात आहे. आपला इन्सेंटिव्ह निव्वळ विक्रीवर बसतो: डीलरला गेलेली पाकिटं वजा परत आलेली पाकिटं. 1 जुलैपासून आपण नवी बिलिंग प्रणाली सुरू केली आणि त्यात प्रत्येक डीलरचा कोड बदलला. शहादा, शिरपूर, चोपडा, अमळनेर या भागांतून जळगावच्या गोडाऊनला आलेल्या परत मालाच्या चलानांवर मात्र जुनेच कोड आहेत. त्यामुळे काही परतावा दुसऱ्याच ऑफिसरच्या नावावर पडला, तर काही कुणाच्याच नावावर चढला नाही. आता गोडाऊनची मंडळी खोके उघडून पाकिटावरचा लॉट नंबर मूळ बिलाशी जुळवत आहेत. 214 चलानांपैकी 131 तपासून झाली, 83 बाकी आहेत.

आहे त्या आकड्यांवर पैसे देऊन टाकावेत, असं काहींनी सुचवलं. त्यात काय होईल ते पाहा. समजा एकाचं टार्गेट 5,000 पाकिटांचं, माल गेला 4,800 आणि परत आली 450 पाकिटं, पण ती चढलीच नाहीत. कागदावर त्याची विक्री 96 टक्के दिसते आणि 12 रुपयांच्या स्लॅबने 57,600 रुपये निघतात. खरी विक्री 4,350, म्हणजे 87 टक्के; तिला 8 रुपयांचा स्लॅब लागतो आणि रक्कम होते 34,800. मधले 22,800 रुपये पुढच्या पगारातून कापावे लागतील. आणि तीच 450 पाकिटं शेजारच्या टेरिटरीत चुकून वजा झाली, तर तिथल्या माणसाचं हक्काचं टार्गेट हुकेल. दिलेला पैसा परत मागायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून हा निर्णय घेतला आहे.

पुढचं काम असं होईल. शुक्रवार, 8 ऑगस्टपर्यंत सगळी चलानं तपासून होतील. मंगळवार, 12 ऑगस्टला प्रत्येकाला डीलरवार पत्रक ईमेलवर मिळेल. त्यात गेलेला माल, परत आलेला माल, स्लॅब आणि रक्कम दिसेल. ते नीट बघा. तुमच्या डायरीशी जुळत नसेल तर गुरुवार, 14 ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत चलानाचा फोटो आणि डीलरचं नाव जळगाव ऑफिसला पाठवा. सोमवार, 18 तारखेला अंतिम मंजुरी होईल. ज्याची हरकत तोवर सुटणार नाही, त्याची वादात नसलेली रक्कम 21 तारखेलाच मिळेल. बाकीच्यांचे पैसे त्याच्यासाठी अडकणार नाहीत.

येत्या रविवारी, 3 ऑगस्टला, कानबाईचा रोट आहे. त्या खर्चाचा, पोरांच्या फीचा, गाडीच्या हप्त्याचा हिशेब अनेकांनी या पैशांवर धरला असणार, हे मला माहीत आहे. म्हणून ज्यांना निकड आहे त्यांनी बुधवार, 30 जुलैला दुपारी 4 पर्यंत आपल्या टेरिटरी मॅनेजरला कळवावं. जास्तीत जास्त 15,000 रुपये उचल शुक्रवार, 1 ऑगस्टला जमा होईल आणि ती 21 तारखेच्या रकमेतून वळती होईल. कारण सांगायची गरज नाही, व्याजही नाही. टेरिटरी मॅनेजरनी स्वतःसाठी उचल हवी असल्यास थेट मला सांगावं.

स्लॅब, टार्गेट, दर यांत काहीही बदल नाही. 30 जूनपर्यंत काम करून नंतर नोकरी सोडलेल्या दोन सहकाऱ्यांनाही त्यांचा इन्सेंटिव्ह याच तारखेला मिळेल.

मे महिन्याच्या उन्हात तुम्ही गावोगाव फिरलात, पाकिटासाठी दुकानापुढे रांगा लागल्या तेव्हा डीलरच्या काउंटरवर उभे राहिलात. त्या कामाचे पैसे वेळेवर मिळणं हा तुमचा हक्क आहे. हा उशीर कंपनीच्या बाजूने झाला आहे, तुमच्या कामात काही कमी नव्हतं. त्याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करतो.

डीलरकडे अजून पाठवायचा परत माल पडून असेल, तर तो या शनिवारपर्यंत गोडाऊनला पोहोचवा आणि चलानावर नवा कोड ठळक लिहा. कोडची यादी आज संध्याकाळी ग्रुपवर येईल.

आपला,
विभागीय विक्री व्यवस्थापक, खान्देश
जळगाव