मुक्ताची मूठ

मुक्ता दुसरीत होती. पर्वती पायथ्याच्या शाळेत ती पहिल्या बाकावर बसायची, कारण मागून तिला फळाच दिसायचा नाही.

एका सकाळी फाटकापाशी कचरावेचक शांताताई शाळेचा कचरा निवडत बसल्या होत्या. वहीचा कागद उचलायचा, झटकायचा, बाजूला टाकायचा. प्रत्येकाला खिचडी चिकटलेली.

“हे रद्दीत जाणार ना, ताई?”

“कोरडे असते तर गेले असते गं. खरकटं लागलेले कोण घेतंय?”

मुक्ता तडक बाईंकडे गेली. दुपारपर्यंत वर्गावर्गात दोन बादल्या आल्या. हिरवी ओल्याची: साली, पोळीचे तुकडे, खिचडी. निळी सुक्याची: कागद, पुठ्ठा, बिस्किटांची वेष्टनं, दुधाच्या पिशव्या. पिशव्या मात्र धुऊन, वाळवून! आणि पिशवीचा कोपरा कापून टाकायचा नाही, नुसती चीर द्यायची. तो इवलासा तुकडा पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही. फुटकी काच, ब्लेड आणि संपलेले सेल बाईंच्या कपाटातल्या वेगळ्या खोक्यात. काच आणि ब्लेड आधी जाड कागदात गुंडाळायचे, नाहीतर ताईंचं बोट कापतं.

दुसऱ्या दिवशी निळ्या बादलीत अर्धं केळं!

“पहिलीतल्या पोरांना ‘ओला’ वाचता कुठे येतंय?” मुक्ता म्हणाली. तिने निळ्या बादलीवर खरंखुरं वेष्टन चिकटवलं आणि हिरवीवर केळं काढलं. मग मधल्या सुट्टीत ती एकेका वर्गात गेली. “बिस्कीट कुठे?” “तोंडात!” “वेष्टन?” “निळीत!”

हिरव्या बादल्या मागच्या अंगणातल्या पिंपात रिकाम्या व्हायच्या. पिंपाला खाली आणि बाजूंना भोकं, बुडाशी विटा. चौथ्या दिवशी असा वास सुटला की सातवीच्या मुलांनी खिडक्याच लावून घेतल्या.

“बंद करा हे!” शिपाईकाका ओरडले.

मुक्ताने काकांकडूनच पिंपातलं थोडं बाहेर काढून घेतलं, मुठीत धरलं आणि दाबलं. बोटांतून पाणी ठिबकलं. ईऽऽ! नुसतं ओलं कोंबलं की आत हवा जात नाही, मग सडतं आणि वास येतो. वडाखाली वाळक्या पानांचा ढीग होता, तो काका रोज झाडायचे. एक बादली ओल्याला दोन बादल्या पानं, असं ठरलं. ढवळायचं आठवड्यातून दोनदा, काठीने. मुठीत गोळा व्हायला हवा, पण थेंब पडायला नको. (पेन्सिलची सालपटंही चालतात. ती टाकणं हे सगळ्यांत आवडीचं काम झालं.)

दीड महिन्याने पिंपाच्या तळाशी काळं, भुसभुशीत खत निघालं. पहिल्या पावसात अंगणाला येतो तसा त्याला वास होता. काकांनी ते गुपचूप तुळशीला घातलं.

त्याच दिवशी मोठ्या बाई चहाचा कागदी कप घेऊन बादल्यांपाशी थबकल्या. कपात दोन घोट उरले होते. मागे अख्खी पहिली रांगेत उभी, डोळे वटारून.

मोठ्या बाईंनी चहा संपवला, कप नळाखाली धरला, झटकला.

“निळी?” त्यांनी हळूच विचारलं.

“निळी,” मुक्ता म्हणाली. “आतून प्लास्टिक असतं त्याला.”