पुस्तकांच्या दुकानातील अर्धवेळ नोकरीसाठी अर्ज

लेखन : उच्च-मध्यम स्तर
प्रश्न २. तुमच्या शहरातल्या एका पुस्तकांच्या दुकानाला अर्धवेळ मदतनीस हवा आहे. दुकानाच्या व्यवस्थापकांना अर्जाचे पत्र लिहा. हे काम तुम्हाला का हवे आहे, त्यासाठी तुमच्याजवळ काय आहे आणि तुम्ही कोणत्या वेळी येऊ शकता, हे पत्रात यावे.

मयूरी जाधव
शनिवार पेठ, सातारा
दि. १५ जून २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
पुस्तकांचे दुकान,
राजपथ, सातारा

विषय : संध्याकाळच्या अर्धवेळ मदतनिसाच्या जागेसाठी अर्ज
संदर्भ : दुकानाच्या दारावरील सूचना

महोदय,

गेल्या गुरुवारी संध्याकाळी पावसाची सर आली म्हणून आपल्या दुकानाच्या पायरीवर थांबले होते. तेव्हा दारावरची सूचना वाचली : वेळ साडेचार ते साडेआठ, रविवारी दिवसभर, वाचनाची आवड असणाऱ्यास प्राधान्य. या जागेसाठी मी अर्ज करीत आहे.

मी मूळची लिंबची. सध्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मराठी विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि शनिवार पेठेत मावशीकडे राहते. तिथून आपले दुकान चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. एसटीची वाट पाहायची नसल्याने साडेआठला दुकान आवरून निघायला मला अडचण नाही.

वाचनाची आवड आहे, असे प्रत्येक अर्जात लिहिलेले असेलच. माझ्याही अर्जात ते आहे असे समजावे. मला लिहायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

बारावीनंतरच्या सुट्टीत आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवाळी-उन्हाळ्यात मी गावच्या वाचनालयात देवघेवीला बसले. दोन कपाटे, एक टेबल आणि पंखा एवढाच पसारा. पहिल्या आठवड्यातच लक्षात आले की पुस्तकाचे नाव घेऊन येणारा वाचक दहात एखादाच. बाकीचे वेगळ्याच खुणा सांगतात. एक आजोबा आले आणि म्हणाले, “पोरी, ते बैलाचं चित्र असलेलं दे. मागं नेलं होतं, निम्मंच झालं.” बैलाचे चित्र असलेली चार पुस्तके मी त्यांच्यापुढे ठेवली. चारही नाहीत. मग विचारले, केव्हा नेले होते? “थोरल्या नातीच्या लग्नाच्या आधी.” लग्न कधी झाले? वैशाखात. देवघेवीच्या रजिस्टरात चैत्राची पाने उलटली, त्यांच्या नावापुढचा नोंदणी क्रमांक पाहिला आणि पुस्तक काढून दिले. मुखपृष्ठावर बैल नव्हता, मोट होती. आजोबांनी ती पाहिली, म्हणाले, “बैल पलीकडं असतील,” आणि घेऊन गेले.

त्या दिवसापासून मी एक शंभर पानी वही ठेवली आहे. डाव्या बाजूला माणसाने काय मागितले ते त्याच्याच शब्दांत, उजव्या बाजूला शेवटी काय दिले ते. ‘सासूला देण्यासारखं’, ‘रडवणारं नको’, ‘शाळेत होता तो धडा ज्यातला आहे ते पुस्तक’, ‘मोठ्या अक्षरातलं, चष्मा बदलायचाय’ अशा नोंदींनी वहीची साठ-पासष्ट पाने भरली आहेत. काही उजव्या बाजू कोऱ्याच राहिल्या, तेही खरे.

कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेतून मी सकाळी दीड तास ग्रंथालयात काम करते. तिथे दशांश वर्गीकरण शिकले. मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये जाते, हे आता झोपेतही सांगेन. पण कविता मागणाऱ्या मुलीला आकडा सांगून उपयोग नसतो, आणि दुकानात तर नाहीच. पुस्तक जागेवर ठेवण्याची शिस्त मला ग्रंथालयाने लावली, ते कोणाला हवे आहे हे ओळखायला मात्र गावच्या टेबलाने शिकवले.

विक्रीचा अनुभव थोडा आहे, चारच दिवसांचा, पण ते चार दिवस दाटीचे होते. यंदा जानेवारीत ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साताऱ्यात झाले. त्यातल्या ग्रंथप्रदर्शनात एका प्रकाशकाच्या गाळ्यावर मी उभी होते. गठ्ठे सोडणे, छापील किमतीवर सवलत धरून बिल करणे, संपलेल्या पुस्तकांची यादी रात्री कळवणे आणि शेवटच्या दिवशी उरलेला माल मोजून खोक्यात भरणे, हे सगळे केले. पाचाच्या गठ्ठ्यात चार प्रती कशा निघतात, हेही पाहिले.

तिथे माझ्याकडून एक चूक झाली. ती मी स्वतःच सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गर्दीत ४२५ रुपयांचे पुस्तक वीस टक्के सवलतीने ३४० रुपयांना दिले. गृहस्थांनी मोबाइलचा पडदा माझ्यासमोर धरला, “गेले बघा” म्हणाले, मी मान डोलावली आणि पुस्तक पिशवीत घातले. रात्री हिशेब जुळेना. दोनदा बेरीज केली, मग खात्यावरच्या जमा रकमा एकेक करून बिलांशी लावल्या. ३४० आलेच नव्हते. गाळ्याचे मालक जाऊ दे म्हणाले, पण मी ते माझ्या मेहनतान्यातून कापून घ्यायला लावले, कारण नाहीतर ती दुपार मी विसरले असते. त्यानंतर उरलेले दोन दिवस आमच्या यंत्राने रक्कम बोलून सांगितल्याशिवाय एकही पिशवी हातातून सोडली नाही. एक बाई रागावल्या. त्यांना पाणी दिले, तेवढ्यात यंत्र बोलले.

गुरुवारी पाऊस थांबेपर्यंत दुकानात अर्धा तास होते. एक प्रकाशयोजनेवरचे लहान पुस्तक घेतले, बाकी नुसतेच पाहत होते. एक मुलगा आईबरोबर आला होता. बालसाहित्य वरच्या दोन फळ्यांवर आहे आणि त्याचा हात खालून तिसऱ्या फळीपर्यंतच पोहोचत होता. तिथे कर आणि हिशेबाची पुस्तके होती. त्याने त्यातलेच एक काढून चाळले, चित्रे नाहीत म्हणून परत ठेवले, तेही उलटे. लहान मुले पुस्तके फाडतात या अनुभवाने ती मांडणी वर गेली असेल, हे मला समजते. तरी चार-पाच जाड पुठ्ठ्याची पुस्तके खाली ठेवून महिनाभर पाहता येईल. मला घेतलेत तर फाटलेल्या पानांना पट्टी लावण्याचे काम माझ्याकडे.

दुसरी गोष्ट पावसाची. रस्त्याकडच्या काचेजवळ जो गठ्ठा आहे त्याच्या खालच्या दोन पुस्तकांचे पुठ्ठे वाकायला लागले आहेत. साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टात भिंतीला टेकलेले पुस्तक ओल धरतेच, मग कसर लागायला वेळ लागत नाही. गावच्या वाचनालयात आम्ही पावसाळ्याआधी सगळी पुस्तके भिंतीपासून चार बोटे पुढे ओढत होतो आणि दर पंधरा दिवसांनी फळ्या कोरड्या फडक्याने पुसत होतो. कंटाळवाणे काम आहे. मला ते आवडते. (घरच्यांना हे पटत नाही, कारण स्वयंपाकघरातल्या फळ्यांबाबत माझी एवढी ख्याती नाही.)

रविवारच्या गिऱ्हाइकांबद्दलही एक सुचवावेसे वाटते. माझ्या गावी बारामोटेची विहीर पाहायला बाहेरून माणसे येतात. वाचनालय रस्त्यावर असल्याने पत्ता विचारायला आत डोकावतात आणि पुढे विचारतात, “या विहिरीवर काही पुस्तक आहे का?” तसेच ऑगस्ट-सप्टेंबरात कासला फुले पाहायला जाणाऱ्यांचे. त्यांतल्या काहींना फुलांची नावे सांगणारे, खिशात मावणारे पुस्तक हवे असते. अजिंक्यतारा, सज्जनगड, कास, विहिरी असे साताऱ्यापुरते एक छोटे टेबल दाराशी मांडले तर निदान पावसात थांबलेली माणसे काहीतरी उचलून पाहतील. मीही तशीच आत आले होते.

आता जे येत नाही ते. इंग्रजी कादंबऱ्यांत मी कच्ची आहे. गिऱ्हाइकाने लेखकाचे नाव भरभर उच्चारले तर मला लिहून दाखवा म्हणावे लागेल. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत कोणती आवृत्ती चालू आहे हे सतत बदलते, ते पहिले दोन महिने मला विचारून घ्यावे लागेल. जुनी आवृत्ती विकून विद्यार्थ्याला परत यायला लावण्यापेक्षा एकदा विचारलेले बरे. संगणकावर बिल करता येते. बारकोड नसलेल्या जुन्या पुस्तकांचा आयएसबीएन हाताने टाकायची सवय आहे. छापील पुस्तकाला जीएसटी नाही आणि डायरी, पेन यांना आहे, त्यामुळे दोन्ही एकाच बिलात आली तर वेगवेगळी धरायची, एवढे माहीत आहे.

वेळेचे म्हणाल तर माझी तासिका दुपारी दोनपर्यंत संपते. सोमवार ते शनिवार साडेचार ते साडेआठ आणि रविवारी दिवसभर मी येऊ शकते. जूनमधली वह्या-पाठ्यपुस्तकांची गर्दी सुरू झालीच आहे, त्यामुळे आपण सांगाल त्या दिवसापासून येईन. एक अडचण आधीच सांगून ठेवते. सत्र परीक्षेच्या काळात, पेपर असलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मला सुट्टी लागेल. वेळापत्रक हातात पडताच त्याची प्रत देईन. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे त्याआधीच येऊ लागतील. ते दिवस परीक्षेला लागून आले तर त्या आठवड्यात सकाळी सातला येऊन अंक लावून द्यायची माझी तयारी आहे. मावशीच्या घरी पाचलाच उजाडते.

पगाराचा आकडा सूचनेत नव्हता. तासावर द्यावा की महिन्यावर, ते आपण ठरवावे. मला मिळालेल्या पैशातून पुढच्या सत्राची फी आणि खानावळीऐवजी मावशीच्या घरखर्चाला हातभार, एवढे भागले तर पुरे. पुस्तकांवर कर्मचाऱ्यांना सवलत असल्यास ती मात्र महिन्याला दोन पुस्तकांपुरतीच ठेवावी, नाहीतर पगार दुकानातच राहील.

कॉलेजच्या ग्रंथपालांचे पत्र, गुणपत्रिकेची प्रत आणि दूरध्वनी क्रमांक असलेले माहितीपत्रक सोबत जोडले आहे. आपण बोलवाल त्या दिवशी दुपारी तीननंतर भेटायला येईन. येताना ती वही आणेन. तिच्या उजव्या बाजूला ज्या कोऱ्या जागा राहिल्या आहेत, त्यातल्या दोन-तीन आपल्याला नक्की भरता येतील, विशेषतः ‘रडवणारं नको’ची.

कळावे,

आपली विश्वासू,
मयूरी जाधव

सोबत : १. माहितीपत्रक २. प्रथम वर्षाच्या गुणपत्रिकेची प्रत ३. ग्रंथपालांचे पत्र