सूचना : सामायिक मॉनिटरची ब्राइटनेस आणि स्केल

सर्व सहकाऱ्यांस,

सोमवारच्या बैठकीत ड्रॉइंग विभाग, अकाउंट्स आणि दुपारच्या पाळीतले सगळे मिळून जे ठरले, ते उद्या सकाळपासून सर्व १२ सामायिक मॉनिटरवर लागू होईल.

ब्राइटनेस दिवसा ४०. पश्चिमेच्या खिडकीलगतचे तीन मॉनिटर मात्र ६०, कारण चारनंतर ऊन थेट टेबलावर येते. संध्याकाळी सहानंतर सगळीकडे ३०. खात्री करायची असेल तर पांढरा कागद पडद्याशेजारी धरून पाहा. पडदा दिव्यासारखा झगझगीत दिसला तर ब्राइटनेस जास्त आहे, मळकट दिसला तर कमी.

ही ब्राइटनेस मॉनिटरच्या खालच्या बटणांनी बदलते आणि मॉनिटरमध्येच राहते. तुम्ही ९० करून घरी गेलात, तर पुढच्या पाळीतला माणूस आल्या आल्या त्याच उजेडात बसतो. दुपारच्या पाळीतल्या दोघांनी डोके दुखत असल्याचे सांगितले, त्यामुळेच हा विषय बैठकीत घेतला. म्हणून उठताना आकडा ठरलेल्या जागी आणून ठेवा.

स्केलचे तसे नाही. ते तुमच्या लॉगिनमध्ये राहते, त्यामुळे प्रत्येकाने एकदाच लावून घ्यायचे आहे:

Settings > System > Display > Scale

२४ इंची मॉनिटरवर १०० टक्के, २७ इंची फोर-के मॉनिटरवर १५० टक्के. फोर-केवर १०० ठेवले तर टायटल ब्लॉकमधली अक्षरे मुंगीएवढी दिसतात. शिरोलीच्या फाउंड्रीला जाणाऱ्या ड्रॉइंगमध्ये ३ चा ८ वाचला गेला तर पॅटर्नच चुकतो, इतकी ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्केल बदलल्यावर एखादा जुना प्रोग्राम धूसर दिसला तर एकदा साइन आउट करून परत या.

अक्षर मोठे करण्यासाठी रिझोल्यूशन कमी करू नका, ही कळकळीची विनंती. Display resolution समोर (Recommended) लिहिलेलाच पर्याय ठेवा. २४ इंचीवर तो 1920 × 1080 आहे, २७ इंचीवर 3840 × 2160. तो कमी केला की अक्षर मोठे होते खरे, पण कडा पसरतात आणि डोळ्यांवर ताण वाढतो.

ज्यांना ठरलेल्या स्केलवरही वाचायला त्रास होतो, त्यांनी Settings > Accessibility > Text size मधून अक्षर वाढवावे. ते फक्त तुमच्या लॉगिनपुरते वाढते, दुसऱ्या कुणाला अडचण होत नाही. एवढ्यानेही भागत नसेल तर मला येऊन सांगा, संकोच करू नका. खिडकीपासून लांबची जागा किंवा २७ इंची मॉनिटर कायमचा देता येईल. चष्म्याचा नंबर बदलल्याचे सांगण्यात कमीपणा नाही.

प्रिंटसाठी रंग तपासताना Night light बंद ठेवावा, नाहीतर पांढरा भागही पिवळट दिसतो.

ठरलेले आकडे प्रत्येक मॉनिटरच्या पायावर चिकटवले आहेत. महिनाभर वापरून पाहू आणि ३० वर कुणाला अंधारल्यासारखे वाटत असेल तर पुढच्या बैठकीत तो आकडा बदलू.

कार्यालय व्यवस्थापक
शाहूपुरी, कोल्हापूर